‘अनलिमिटेड ५जी’ नेमके कितीच्या रिचार्जवर?

जुलै २०२४ मध्ये मोबाइलचे दर वाढले तेव्हा चर्चा झाली ती वाढलेल्या रुपयांची. त्याच वेळी आणखी एक बदल झाला, तो मात्र बऱ्याच ग्राहकांच्या लक्षात आला नाही. तोपर्यंत जिओवर २३९ रुपयांचा, म्हणजे दिवसाला दीड जीबीचा प्लॅन मारला की अमर्याद ५जी मिळत असे. ३ जुलैपासून हाच प्लॅन २९९ रुपयांचा झाला आणि त्यातले अमर्याद ५जी गेले. आता त्यासाठी रोज किमान दोन जीबी डेटा देणारा प्लॅन हवा. एअरटेलनेही त्याच सुमारास दोन जीबीचीच अट घातली. याचा अर्थ, सवलत टिकवायची तर प्लॅनच्या किमतीआधी त्यातला रोजचा डेटा पाहावा लागतो. आठशे रुपयांचा रिचार्ज करूनही ५जी न मिळणे शक्य आहे, आणि दोनशेच्या आत ते मिळणेही.

या दरवाढीनंतरचे जिओचेच दर घेऊ. समजा, कुणी ८४ दिवसांचा ७९९ रुपयांचा प्लॅन घेतला. रोज दीड जीबी, म्हणून अमर्याद ५जी नाही. हे उशिरा लक्षात आलेल्यांसाठी कंपनीने ५१, १०१ आणि १५१ रुपयांची ‘५जी अपग्रेड’ व्हाउचर काढली. साधारण तीन महिन्यांच्या प्लॅनला १५१ चे लागते. म्हणजे एकूण खर्च ९५० रुपये. आता त्याच यादीतला ८४ दिवसांचा, रोज दोन जीबीचा प्लॅन पाहा: ८५९ रुपये, आणि अमर्याद ५जी त्यातच. आधी साठ रुपये वाचवणाऱ्याच्या खिशातून शेवटी ९१ रुपये जास्त गेले!

महिन्याच्या प्लॅनमध्ये फरक एका रुपयाचाच आहे. २९९ अधिक ५१ म्हणजे ३५०. रोज दोन जीबीचा प्लॅन ३४९ ला. पण पहिल्या जोडीत २८ दिवसांत ४२ जीबी आणि व्हाउचरचे ३ जीबी मिळून ४५ जीबी ४जी डेटा मिळतो, दुसरीकडे ५६. रिचार्ज करण्याआधीच निवड करायची असेल तर व्हाउचरचा विचारही करू नये. ते आधीच छोटा प्लॅन मारून बसलेल्यांसाठी आहे. त्यांनी घाईने ३४९ चा मारला तरी उपयोग नाही, कारण चालू प्लॅन संपेपर्यंत नवा रांगेत थांबतो. व्हाउचर मात्र चालू प्लॅनवरच चढते.

सर्वांत कमी पैशांत आत शिरण्याचा मार्ग म्हणजे १९८ रुपयांचा प्लॅन. रोज दोन जीबी, अमर्याद ५जी. मुदत फक्त १४ दिवस. दिवसाला सव्वाचौदा रुपयांच्या आसपास पडतो. ३४९ चा साडेबारा रुपयांना, ८५९ चा सव्वादहा रुपयांना. चार दिवस गावाला जाऊन ५जी वापरून पाहायचे असेल तर १९८ ठीक; दर पंधरवड्याला तोच मारत राहणे महाग पडते.

सगळ्या कंपन्यांची रेघ सारखी नाही. व्हीआयने मार्च २०२५ मध्ये मुंबईत ५जी सुरू केले तेव्हा २९९ रुपयांपासूनच्या प्लॅनवर ते अमर्याद देऊ केले. अशी सवलत सुरुवातीची ऑफर असते. कंपनी ती नंतर बदलू शकते. २३९ च्या प्लॅनचे तेच झाले.

आता अटी कशा वाचायच्या? सर्वांत आधी ‘रोज २ जीबी’ आणि ‘अमर्याद ५जी’ ही दोन वेगळी खाती आहेत हे ओळखावे. फोन ५जीवर असेपर्यंतच डेटा अमर्याद. लिफ्टमध्ये, घाटात किंवा टॉवर नसलेल्या गावात तो ४जीवर उतरला की रोजच्या कोट्यातून कापला जातो, आणि कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने व्हिडिओ चालत नाही. तेव्हा ‘अमर्याद असूनही नेट रडतंय’ असे वाटले तर पडद्यावरच्या कोपऱ्यात ५जी दिसते की ४जी, ते आधी बघावे.

दुसरी नजर मुदतीच्या रकान्यावर. ‘मूळ प्लॅनइतकी’ असे लिहिले असेल तर मूळ प्लॅन संपताच व्हाउचरही संपते. ही मुदतही बदलते. जिओची ६९ आणि १३९ रुपयांची डेटा व्हाउचर आधी मूळ प्लॅनइतकी चालत. २०२५ च्या सुरुवातीला ती सात दिवसांवर आली. म्हणून मागच्या वेळचा अंदाज न धरता दर खेपेला प्लॅनखालचे ‘तपशील’ उघडावे आणि पैसे भरण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा.

लिहिलेले मिळाले नाही, तर १९८ वर फुकट फोन करून तक्रार नोंदवता येते. तक्रार क्रमांक जरूर मागून घ्या. समाधान झाले नाही, तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते.