रागात लिहिलेला मेल पाठवण्याआधी

मीटिंगमध्ये सहकाऱ्याने तुमचा तक्ता पडद्यावर दाखवला, ‘मी केलेलं विश्लेषण’ म्हणाला आणि साहेबांची शाबासकी घेतली. जागेवर येताच तुम्ही लिहिलंत:

‘माझं काम स्वतःच्या नावावर खपवताना लाज वाटली नाही? तू नेहमीच असं करतोस. मी मरमर काम करायचं आणि श्रेय तू लाटायचं. तू कसा आहेस ते सगळ्यांना कळलंच पाहिजे.’

हे जरूर लिहावं, फक्त मेलमध्ये पत्ता भरू नये. मग एकेक वाक्य घेऊन बघावं: तो हे नाकारू शकेल का? ‘लाज’ म्हटलं की तो म्हणेल, ‘माझा तसा हेतू नव्हता’, आणि पुढचं सगळं बोलणं त्याच्या हेतूवरच अडकेल. ‘नेहमीच’ खोडून काढायला त्याला एक अपवाद पुरतो. शेवटची धमकी वाचून तो फक्त स्वतःचा बचाव करेल. शिवाय या मसुद्यात एक गोष्ट मुळातच नाही: त्याने आता नेमकं काय करायचं?

तोच मजकूर पुन्हा लिहिला तर असा होईल:

‘आज मीटिंगमध्ये तू दाखवलेला विदर्भातल्या विक्रीचा तक्ता मी तयार करून ६ तारखेला तुला मेल केला होता. तो दाखवताना तू “मी केलेलं विश्लेषण” असं म्हणालास. मला ते खटकलं. मीटिंगचा वृत्तांत तू उद्या सगळ्यांना पाठवणार आहेस. त्यात हे विश्लेषण माझं आहे असं लिही. तुझं म्हणणं वेगळं असेल तर आज चारनंतर बोलू.’

इथे त्याचेच शब्द आणि मेलची तारीख आहे, त्यामुळे वाद घालायला जागा उरत नाही. ‘खटकलं’ मुद्दाम ठेवलं आहे. ती तुमची भावना आहे, त्याच्यावरचा आरोप नव्हे, आणि शांतपणे लिहायचं म्हणजे राग लपवायचा असं मुळीच नाही. उलट दुसऱ्या टोकाची चूक मला जास्त घातक वाटते: ‘तशी छोटीच गोष्ट आहे’, ‘जमलं तर बघ’ असं लिहिलं की मागणीच विरून जाते. ‘तुला आठवत असेलच’ यासारखा टोमणाही काढून टाकावा. बाकी मजकूर कितीही सौम्य असला तरी वाचणाऱ्याच्या लक्षात तेवढाच राहतो.

पहिला मेल फक्त त्यालाच पाठवावा. साहेबांना सीसीत ठेवलं तर ती तक्रार होते आणि चूक सुधारण्याची संधी त्याला मिळत नाही. वृत्तांतात नाव आलं नाही, तर मात्र हाच मजकूर ६ तारखेच्या मेलसह साहेबांकडे पाठवावा. अप्रेझल त्याच आठवड्यात असेल, तर तेवढंही थांबू नये.