मावशीची आजी करणारी मात्रा

जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी, आत्या किंवा कोणीही मध्यमवयीन बाई. त्यातला ‘बा’ एक ठोका जास्त लांबवला की त्याच बाईंची आजी होते. चाळिशीतल्या घरमालकीणबाईंना हाक मारताना हा ठोका सांभाळलेला बरा.

पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ. त्यांतले कित्येक जण सुरुवातीला वहीत उच्चार देवनागरीत उतरवून घेतात, आणि गडबड तिथेच सुरू होते. मावशीही ‘ओबासान’ आणि आजीही ‘ओबासान’. आपल्या अ आणि आ मध्ये फरक नुसत्या लांबीचा नाही, तोंड किती उघडतं याचाही आहे. जपानी माणूस आखूड स्वरही तोंड उघडून म्हणतो, म्हणून तो आपल्याला ‘आ’ ऐकू येतो. मग खऱ्या लांब स्वरासाठी अक्षरच उरत नाही. ए आणि ओ यांच्यात तर आपण ऱ्हस्व-दीर्घ असा भेदच करत नाही. त्यामुळे ‘कोको’ (इथे) आणि ‘कोओकोओ’ (उच्च माध्यमिक शाळा) दोन्ही एकाच मापाने बोलले जातात.

इ आणि उ यांना आपल्याकडे दोन-दोन चिन्हं आहेत, पण ती कामाला येत नाहीत. मराठीत त्यांची लांबी जागेवरून ठरते. फूल म्हणताना ऊ लांब, फुलात म्हणताना आखूड. वीट लांब, विटेला आखूड. अर्थ तोच राहतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहिताना वेगळे असले तरी बोलताना बहुतेकांच्या तोंडी एकच होतात. शुद्धलेखनात आपण ऱ्हस्व-दीर्घावर वाद घालतो तो लेखणीचा वाद. कानाला त्याची सवय नाही. जपानीत मात्र ‘युकी’ म्हणजे बर्फ आणि ‘युउकी’ म्हणजे धाडस.

द्वित्ताची गोष्ट वेगळी. पती आणि पत्ती यांत कुणाही मराठी माणसाचा घोटाळा होत नाही. म्हणून ‘किते कुदासाई’ (या) आणि ‘कित्ते कुदासाई’ (कापा) यांतला फरक आपल्याला चटकन कळतो. तिसरं वाक्य मात्र निसटतं: ‘किइते कुदासाई’, म्हणजे ऐका. वहीत ते ‘कीते’ असं लिहिलं जातं आणि वाचताना पुन्हा ‘किते’ होतं. ऐका म्हणायचं असतं, समोरच्याला ‘या’ ऐकू येतं.

हे वाढीव माप असतं कुठे? ‘किइते’मध्ये आवाज लांबतो. ‘कित्ते’मध्ये लांबते ती शांतता. जीभ दातांमागे टेकते, हवा अडते, क्षणभर काहीच ऐकू येत नाही आणि मग त सुटतो. मोबाइलवर दोन्ही शब्द रेकॉर्ड करून ध्वनीची रेघ पाहिली तर ‘कित्ते’त मधोमध सपाट पट्टी दिसते. ‘किते’तही ती असते, पण साधारण निम्मी किंवा त्याहून लहान. शिकणाऱ्याच्या ‘कित्ते’त कधी कधी पट्टी जेमतेम असते आणि आधीची इ मात्र ताणलेली. तो जोर देतो, पण चुकीच्या जागी.

जोराची ही सवय घरचीच आहे. ‘किती’चं ‘कित्ती’ आणि ‘मोठा’चं ‘मोठ्ठा’ आपण करतो ते आश्चर्य दाखवायला. उत्साही जपानी माणूसही ‘सुगोई’चं ‘सुग्गोई’ करतो, पण त्याच्याकडे अर्थ बदलणारं द्वित्त वेगळं जपलेलं असतं. आपला विद्यार्थी न समजल्यामुळे तोच शब्द सावकाश, ठासून पुन्हा म्हणतो, आणि ‘किते’ची इ लांबून ऐका होऊन बसतं.

कुठला स्वर किती मिलिसेकंदांचा हवा, असं पाठ करता येत नाही. भरभर बोलणाऱ्याचा लांब स्वर सावकाश बोलणाऱ्याच्या आखूड स्वराएवढा भरू शकतो. जपानी कान आजूबाजूच्या अक्षरांची चाल धरून माप लावतो. म्हणून सुटे शब्द नीट ओळखणारा विद्यार्थी वाक्यात आले की चुकतो.

शिकवणारे त्यासाठी टाळ्या वाजवायला लावतात. एक मात्रा, एक टाळी. लांब स्वराला दोन टाळ्या, द्वित्तातल्या शांततेला तिची स्वतःची एक, शेवटच्या ‘न’लाही एक. तोक्यो आपल्याला दोन अक्षरांचं वाटतं, पण टाळ्या चार पडतात: तो-ओ-क्यो-ओ. निप्पोनच्याही चार. हायकूतली पाच-सात-पाच मोजणीही याच मात्रांची.

टाळ्या जमल्या तरी सूर राहतो. ‘ओबासान’मध्ये तो ‘ओ’नंतर चढून तसाच राहतो, ‘ओबाआसान’मध्ये ‘बा’वर चढतो आणि लगेच उतरतो. लांबी थोडी कमी पडली, तरी या उताराच्या आधाराने ऐकणारा आजी ओळखू शकतो. सूर सपाट ठेवून नुसता आ ताणला, तर तो चाचपडतो.