उठाबशा ही ‘साधी शिक्षा’ नाही. छडी का सुटत नाही आणि तिच्याऐवजी वर्गात काय करता येतं?

लोणंद : पोराला शाळेच्या दारात सोडताना आजही कितीतरी पालक सरांना सांगून जातात, “नाही ऐकलं तर दोन रट्टे द्या, आमची काही तक्रार नाही.” शाळेत मारायला कायद्याने बंदी येऊन पंधरा वर्षं उलटली. छडी बऱ्याच ठिकाणी कपाटात गेली, पण तिच्या जागी उठाबशा, कोंबडा करणं, अंगठे धरून उभं राहणं आणि बाकावर उभं करणं आलं. “मारलं कुठं? उठाबशाच तर काढायला लावल्या,” असं त्यावर सहज म्हटलं जातं. या समजुतीची किंमत मुलांनी मोजली आहे.

चंदगड आणि वसई

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात नोव्हेंबर २०१७ मध्ये आठवीतल्या एका मुलीला अभ्यास पूर्ण नसल्याबद्दल ५०० उठाबशांची शिक्षा झाली. तीनशेच्या आसपास काढल्यावर तिची तब्येत बिघडली आणि तिला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात न्यावं लागलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत सहावीतली एक मुलगी शाळेत उशिरा पोचली. पाठीवर दप्तर ठेवून तिला १०० उठाबशा काढायला लावल्या, असा कुटुंबाचा आरोप आहे. आठवडाभरात तिचा मृत्यू झाला. पोलिसांनी गुन्हा नोंदवून शिक्षिकेला अटक केली.

दोन्ही ठिकाणी कारण साधंच होतं. एकीकडे अभ्यास राहिला होता, दुसरीकडे उशीर झाला होता. असं आपल्याकडच्या प्रत्येक वर्गात रोज कोणाचं तरी होतं.

उठाबशांनी इतकं काय होतं, हे समजून घेतलं पाहिजे. सवय नसलेल्या मुलाला एकदम शेकड्याने उठाबशा काढायला लावल्या, तर मांडीच्या स्नायूंचे तंतू तुटू शकतात. त्यातून बाहेर पडलेले घटक रक्तात मिसळतात आणि त्यांचा भार मूत्रपिंडावर येतो. मुलाला दमा, रक्तक्षय किंवा हृदयाचा त्रास असेल तर धोका आणखी वाढतो, आणि हे आजार वर्गात डोळ्यांना दिसत नाहीत. अशा शिक्षेनंतर एक-दोन दिवसांत मांड्या सुजून कडक झाल्या, चालता येईना, लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, किंवा धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं. किती उठाबशा काढल्या हेही डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, म्हणजे रक्ताची योग्य तपासणी होते. बाम चोळून वाट बघत बसू नये.

मग शिक्षा थांबत का नाही?

मारणारे सगळे शिक्षक दुष्ट असतात, असं नाही. बरेचजण स्वतः मार खाऊनच शिकले आहेत आणि “आम्हाला मारलं म्हणून आम्ही घडलो” असं मनापासून मानतात. त्यात एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, आणि अध्येमध्ये माहिती भरणं, सर्वेक्षण, निवडणुकीचं काम येतंच. पालकही मारायला परवानगी देतात. हे सगळं खरं आहे, पण शिक्षा टिकण्यामागे दोन कारणं आहेत जी सहज लक्षात येत नाहीत.

पहिलं कारण म्हणजे मार लगेच लागू पडल्यासारखा दिसतो. छडी टेबलावर आपटली की वर्ग गप्प होतो. पण भीतीने गप्प बसलेलं मूल शिकत असतंच असं नाही. त्याचं सगळं लक्ष सरांच्या हाताकडे असतं, फळ्याकडे नसतं. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा गलका सुरू होतो आणि या वेळी आवाज आणखी चढवावा लागतो. म्हणून मार एकदा सुरू झाला की वाढतच जातो. आधी दहा उठाबशा, मग पन्नास, मग शंभर.

दुसरं कारण म्हणजे डोळ्यांची फसवणूक. मुलाला मार बसतो तो त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी. दंगा टोकाला गेला किंवा चाचणीत दोनच गुण पडले की शिक्षकाचा संयम सुटतो. पण कोणतंच मूल रोज इतकं वाईट वागत नाही. दुसऱ्या दिवशी ते आपोआप नेहमीच्या पातळीवर येतं, आणि शिक्षकाला वाटतं की मारलं म्हणून सुधारलं. कौतुकाचं याच्या उलट होतं. एखाद्याला वीसपैकी वीस पडले म्हणून शाबासकी दिली आणि पुढच्या वेळी चौदाच पडले, तर वाटतं की लाडावल्यामुळे बिघडला. खरं तर दोन्ही वेळा मूल आपल्या नेहमीच्या जागी परत आलेलं असतं. पण या अनुभवातून शिक्षक वर्षानुवर्षं एकच धडा घेतात, की मार चालतो आणि कौतुक चालत नाही.

हे तपासायचा सोपा उपाय आहे. ज्या मुलांना शिक्षा होते त्यांची नावं आणि कारणं महिनाभर वहीत लिहावीत. त्याच चार-पाच मुलांना त्याच कारणासाठी पुन्हा पुन्हा शिक्षा होत असेल, तर शिक्षेचा उपयोग होत नाही, हे ती वहीच सांगेल.

छडीऐवजी काय? एक उदाहरण

समजा, सहावीतली एक मुलगी दोन आठवड्यांत पाच वेळा गृहपाठ न करता आली. अशा वेळी काय करता येतं?

वर्गासमोर तिला काही बोलायचं नाही. मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन दोन मिनिटं विचारायचं: काल शाळा सुटल्यावर झोपेपर्यंत काय काय केलंस? गणितं घरी कोणाला विचारतेस? यातलं कोणतं जमतं, कोणतं जमत नाही? “का केला नाहीस?” असं विचारलं की मूल घाबरून खोटं कारण सांगतं. दिवसाचा हिशेब विचारला की खरं कळतं. आई-बाप कांदा काढणीला गेलेत आणि धाकट्या भावाला ती सांभाळते, असं निघेल. किंवा तिला भागाकारच येत नाही, असं निघेल. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि उठाबशा यातल्या कशावरच उपाय नाहीत.

घरी वेळच मिळत नसेल तर वीस गणितांऐवजी पाच द्यायची आणि ती शाळेतच, परिपाठाआधी किंवा सुट्टीतल्या पंधरा मिनिटांत करून घ्यायची. भागाकार येत नसेल तर सहावीचा गृहपाठ थोडे दिवस बाजूला ठेवून चिंचोके किंवा काड्यांचे गठ्ठे घेऊन भागाकार पक्का करायचा, आणि सोबत जमणारी एक मैत्रीण बसवायची. काय ठरलं ते तिच्याच हाताने वहीत लिहून घ्यायचं आणि आठवड्याने दोघांनी मिळून बघायचं. पाचातली तीन झाली असतील तर नेमकं सांगायचं, “मागच्या आठवड्यात एकही नव्हतं, आता तीन आहेत.” नुसतं “शाब्बास” म्हटल्याने मुलाला आपलं काय बरोबर आलं ते कळत नाही.

मस्ती आणि नुकसानीसाठी रीत वेगळी. वर्गाचे चार-पाचच नियम मुलांकडूनच ठरवून घ्यावेत, आणि “गोंधळ करू नका” असं न लिहिता “एकजण बोलताना बाकीचे ऐकतात” अशा शब्दांत लिहावेत. मोडणाऱ्याने आपण केलेलं निस्तरायचं. शाई सांडली तर पुसायची, दुसऱ्याची वही फाडली तर पानं चिकटवून द्यायची, मारामारी केली तर दोघांनी पाळीपाळीने काय झालं ते सांगायचं आणि पुढे काय करणार ते ठरवायचं. वर्ग शांत करायला ओरडण्याऐवजी टाळीचा एक ठरलेला ताल ठेवावा. शिक्षक दोनदा वाजवतो, मुलं तीनदा वाजवून उत्तर देतात आणि थांबतात.

आपल्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊन गेले. तत्कालीन विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथे फरशीवर आकडे-अक्षरं रंगवली गेली, मुलं गटात साहित्य हाताळत शिकू लागली आणि शिक्षक त्यांच्यासोबत खाली बसू लागले. शिस्तीच्या दृष्टीने त्यातून घेण्यासारखं असं, की हातात काम असलेल्या मुलाला मस्तीला फारसा वेळ उरत नाही.

कुठे चुकतं?

छडी सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे गोंगाट वाढतो. मारालाच सरावलेली मुलं “सर आता खरंच मारत नाहीत का?” हे ताणून बघतात. बरेच शिक्षक इथेच हार मानतात आणि छडी पुन्हा काढतात. त्यातून मुलं एवढंच शिकतात की जास्त ताणलं की सर बदलतात. दुसरी चूक म्हणजे हाताऐवजी जिभेने मारणं. जातीवरून, आई-बापाच्या कामावरून, रंगावरून टोमणे मारणं किंवा वर्गासमोर “ढ” म्हणणं हा कायद्याच्या भाषेत मानसिक छळच आहे. तिसरी चूक म्हणजे खेळाचा तास किंवा पोषण आहार बंद करणं. आहार हा मुलाचा हक्क आहे, आणि वळवळ करणाऱ्या मुलाला खेळाची गरज तर सगळ्यात जास्त असते.

कायदा काय म्हणतो, पालकांनी काय करावं?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. मोडणाऱ्यावर सेवा नियमांनुसार कारवाई होते. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत बाकावर उभं करणं, कोंबडा करणं, गुडघ्यावर बसवणं हेही शारीरिक शिक्षेतच धरलं आहे. हा कायदा ६ ते १४ वयासाठी आहे. नववी-दहावीतल्या मुलांना वाऱ्यावर सोडलेलं नाही. १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ लागू होतं आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे.

मुलाला शिक्षा झाली तर शाळेत जाऊन शिक्षकाची कॉलर धरू नये. त्याने प्रकरण उलटतं आणि मूल दोघांच्या मध्ये अडकतं. आधी मुलाकडून सगळं शांतपणे ऐकून तारीख, वेळ आणि घटना लिहून ठेवावी. वळ किंवा सूज असेल तर फोटो काढावा आणि सरकारी दवाखान्यात तपासणी करून कागद घ्यावा. मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. शाळा व्यवस्थापन समितीतले पंचाहत्तर टक्के सदस्य पालकच असतात, त्यामुळे विषय तिथे मांडावा. तिथे दाद लागली नाही तर खंडाळा पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं. कायद्यानुसार स्थानिक प्राधिकरणाने तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. दुखापत गंभीर असेल तर थेट पोलीस ठाणं गाठावं. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास मोफत लागतो.

पण त्याआधीचं एक काम प्रत्येक पालकाच्या हातात आहे. पुढच्या वेळी शाळेत गेल्यावर “दोन रट्टे द्या” असं म्हणू नये. त्याऐवजी “याचं काय अडतंय ते आम्हाला सांगा, मारू मात्र नका” असं सरांना सांगावं. शिक्षक मारताना पालकांच्या ज्या परवानगीचा आधार घेतात, ती परवानगी पालकच काढून घेऊ शकतात.