चंडीगडला तक्रार पोहोचते, पण पुढे का जात नाही?

चंडीगडच्या सेक्टर 17 मधल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत देशभरातून बँक ग्राहकांच्या तक्रारी येतात. 12 नोव्हेंबर 2021 रोजी एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली, तेव्हापासून टपालाने किंवा ईमेलने पाठवलेली तक्रार आधी इथल्या केंद्रीय स्वीकृती व प्रक्रिया केंद्रात येते आणि नियमांत बसली तरच लोकपालाच्या टेबलावर जाते. 2022-23 या वर्षात लोकपाल कार्यालये आणि हे केंद्र यांच्याकडे मिळून 7 लाखांहून अधिक तक्रारी आल्या. त्यांतल्या जवळपास 4 लाख 69 हजार चंडीगडच्या पातळीवरच बंद झाल्या.

त्या सगळ्या खोट्या होत्या, असे मुळीच नाही. चंडीगडच्या छाननीत तुमचे म्हणणे खरे की बँकेचे, हे ठरतच नाही. तिथे एवढेच पाहतात की ग्राहक आधी बँकेकडे गेला होता का, बँकेने काय उत्तर दिले आणि तक्रार मुदतीत आली का. पहिल्या पानावर नेमके हेच सापडत नाही, म्हणून रास्त तक्रारीही मागे पडतात. त्यामागचे समज ठरावीक आहेत.

‘बँकेला लिहिताना लोकपालाला प्रत पाठवली, की काम झाले.’

हा सर्वांत महागात पडणारा समज. बँकेला पाठवलेल्या ईमेलमध्ये लोकपालाचा पत्ता प्रत म्हणून घातला, तर योजनेनुसार ती लोकपालाकडे केलेली तक्रारच ठरत नाही. तक्रार थेट लोकपालाच्या नावे असावी लागते आणि त्याआधी बँकेला पुरेसा वेळ दिलेला असावा लागतो. बँकेकडे लेखी तक्रार पोहोचल्यावर ती पूर्ण किंवा अंशतः फेटाळली गेली आणि उत्तर पटले नाही, किंवा 30 दिवस उलटूनही उत्तर आले नाही, तरच पुढचे दार उघडते. ‘लेखी’चा अर्थ मात्र बराच मोकळा आहे. शाखेत दिलेल्या अर्जाची पोच, ईमेल, बँकेच्या ॲपवरचा तक्रार क्रमांक यांपैकी काहीही चालते, फक्त पुरावा दाखवता आला पाहिजे. शाखाधिकाऱ्याशी तोंडी झालेले बोलणे कितीही खरे असले, तरी छाननीत त्याचा उपयोग नाही.

‘बँकेतल्या सगळ्या पायऱ्या चढून झाल्याशिवाय लोकपालाकडे जाता येत नाही.’

शाखा, विभागीय कार्यालय, नोडल अधिकारी, मुख्य कार्यालय अशी वणवण करण्यात लोकांचे महिने जातात. योजनेला अशी शिडी अपेक्षित नाही. एक रीतसर तक्रार आणि त्यावरचे उत्तर, किंवा 30 दिवसांचे मौन, एवढे पुरते. मोठ्या बँकांमध्ये अंतर्गत लोकपाल असतो हे खरे, पण ग्राहकाने त्याच्याकडे जायचे नसते. तक्रार फेटाळण्याआधी बँकेनेच ती त्याच्यासमोर ठेवायची असते. म्हणून नकाराचे पत्र आले, की अंतर्गत लोकपालाने ते तपासल्याचा उल्लेख आहे का, हे पाहावे. उल्लेख नसेल, तर ती गोष्ट तक्रारीच्या सारांशात एका वाक्यात नोंदवावी.

स्मरणपत्रांचेही तसेच. दर पंधरवड्याला स्मरणपत्र धाडल्याने मुदत नव्याने सुरू होत नाही. 2021च्या योजनेत बँकेचे उत्तर मिळाल्यापासून एक वर्ष, आणि उत्तर आलेच नाही तर तक्रारीच्या तारखेपासून एक वर्ष 30 दिवस, अशी मर्यादा आहे. नियम बदलू शकतात. त्यामुळे त्या वेळी लागू असलेली योजना पाहावी आणि नकार आल्यावर शक्यतो महिनाभरात अर्ज करावा.

‘जितकी पाने जास्त, तितकी बाजू भक्कम.’

इथे एक कल्पित उदाहरण घेऊ. साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिका 3 जूनला एटीएमवर गेल्या. 10 हजार रुपये खात्यातून वजा झाले, पण नोटा बाहेर आल्या नाहीत. बँक म्हणते, नोंदीनुसार व्यवहार यशस्वी आहे. बाईंनी लिहिलेली तक्रार नऊ पानांची. त्यात चाळीस वर्षांचे खाते, कर्मचाऱ्याचा उद्धटपणा, शाखेतली गर्दी, सगळे आहे. 10 जूनला शाखेत अर्ज दिला ही गोष्ट सहाव्या पानावर, तीही तारखेशिवाय.

तीच तक्रार अशी लिहिता येते:

“3 जून रोजी रात्री 8 वाजता एटीएममधून 10,000 रुपये काढताना नोटा आल्या नाहीत, रक्कम मात्र खात्यातून वजा झाली (खातेउतारा, कागद 1). 10 जूनला शाखेत लेखी तक्रार दिली (पोच, कागद 2). 28 जूनला बँकेने ‘व्यवहार यशस्वी’ असे कळवून तक्रार फेटाळली (ईमेल, कागद 3). उत्तरासोबत यंत्राची नोंद, त्या दिवशीचा रोकड ताळेबंद किंवा सीसीटीव्ही चित्रण यांपैकी काहीही दिले नाही. मागणी: 10,000 रुपये परत मिळावेत आणि 9 जूनपासून रक्कम जमा होईपर्यंत दररोज 100 रुपये भरपाई मिळावी. हा विषय कोणत्याही न्यायालयात किंवा अन्य लोकपालाकडे प्रलंबित नाही.”

छाननी करणाऱ्याला हवे ते सगळे यात आहे. घटना एका वाक्यात संपते. बँकेकडे जाणे आणि बँकेने नाकारणे या दोन्हींना तारीख व कागद आहे. सर्वांत मोलाचे वाक्य चौथे, कारण बँकेचे उत्तर कुठे अपुरे पडले हे ते दाखवते. बहुतेकांच्या सारांशात नेमके तेच नसते. ‘न्याय मिळाला नाही’ एवढेच असते. दररोज 100 रुपयांची मागणीही हवेतली नाही. एटीएमचा असा फसलेला व्यवहार पाच दिवसांत उलटवला नाही तर ही भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा 20 सप्टेंबर 2019 चा नियम आहे. 3 जूनचे पाच दिवस 8 जूनला संपतात, म्हणून मोजणी 9 जूनपासून.

कर्मचाऱ्याचा उद्धटपणा मनाला लागतो, हे मान्य. पण तो सारांशात पुढे आला, तर तक्रार बँकेच्या कारभाराविषयीच्या सर्वसाधारण नाराजीसारखी वाचली जाण्याचा धोका असतो आणि तशी नाराजी योजनेत बसत नाही. कर्ज नाकारण्यासारखा बँकेचा व्यावसायिक निर्णयही बसत नाही. मात्र अर्जावर ठरलेल्या वेळेत निर्णयच कळवला नसेल, तर ती सेवेतली त्रुटी आहे आणि मांडणी तिच्यावरच असावी.

‘इंग्रजी आणि वकील, दोन्ही लागतात.’

दोन्ही लागत नाहीत. चंडीगडचे केंद्र टपालाने आणि ईमेलने आलेल्या तक्रारी कोणत्याही भाषेत स्वीकारते, म्हणजे वरचा सारांश मराठीत जसाच्या तसा चालतो. वकिलामार्फत केलेली तक्रार तर उलट स्वीकारलीच जात नाही, अपवाद फक्त वकील स्वतःच ग्राहक असेल तेव्हाचा. मुलगा, सून, शेजारी यांना अधिकारपत्र देऊन प्रतिनिधी करता येते. शुल्क नाही. cms.rbi.org.in या संकेतस्थळावरूनही तक्रार दाखल करता येते.

आधी बँकेकडे गेला नाहीत म्हणून तक्रार बंद झाली असेल, तर खचून जाऊ नका. गुणदोषांवर निर्णय झालेला नसल्याने तोच विषय पुन्हा मांडता येतो. उद्याच शाखेत अर्ज द्या, पोचेवर तारीख आणि शिक्का घ्या, आणि 30 दिवस मोजा.