शब्दामागे मोबदला किती?

अमरावती-अकोल्यात घरी बसून हिंदी प्रवचनग्रंथांचे मराठी भाषांतर करणाऱ्यांनी दर ठरविताना बाराही महिने काम मिळेल असे गृहीत धरू नये. उदाहरणादाखल, तपासणीसह दिवसाला २,००० शब्द, महिन्याचे वीस दिवस आणि वर्षातील नऊच महिने धरल्यास ३,६०,००० शब्द होतात. वर्षाचा घरखर्च ३,६०,००० रुपये व सॉफ्टवेअरचे ३६,००० रुपये. म्हणजे शब्दाला १ रुपया १० पैसे. मंदीचे तीन महिने विसरल्यास हाच दर साडेब्याऐंशी पैसे निघतो आणि वर्षअखेरीस ९९,००० रुपयांची तूट पडते. मोजणीही मूळ हिंदी शब्दांचीच ठरवून घ्यावी. ‘मंदिर में’ या दोन शब्दांचा मराठीत ‘मंदिरात’ हा एकच शब्द होतो!