मोत्यांचा सर गाठवून घेताना

बडोद्याच्या गायकवाडांकडे मोत्यांचा एक सातपदरी हार होता. खंडेराव महाराजांच्या काळापासून त्याची ख्याती होती. त्यातल्या निवडक 68 मोत्यांचा दुपदरी हार 2007 साली न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात सत्तर लाख डॉलरच्या वर गेला. मोती तेच होते, पण सातपदरीचा दुपदरी झाला म्हणजे ते उतरवून नव्याने ओवले गेले होते. आपल्या घरातल्या सराचीही गोष्ट याहून वेगळी नाही. आजीचे मोती नातीपर्यंत येतात, पण ज्या दोऱ्यावर ते गळ्यात राहतात तो दोरा काही वर्षांचाच सोबती असतो. आपण मात्र वर्षानुवर्षं मोती पुसतो, फासा उजळून घेतो आणि दोऱ्याकडे पाहतसुद्धा नाही.

दोरा का खराब होतो? सात मिलिमीटरचे 56 मोती असलेला एकपदरी सर घ्या. त्याचं वजन सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम भरतं आणि हा सगळा भार अर्ध्या मिलिमीटरच्या रेशमावर असतो. त्यामुळे दोरा हळूहळू ताणतो. मानेचा घाम, तेल, पावडर, अत्तर हे सगळं रेशमात मुरतं. त्यावर धूळ चिकटते आणि मग प्रत्येक हालचालीबरोबर ती भोकाच्या धारेशी दोऱ्याला घासत राहते. दोरा सहसा तुटतो तो मधल्या पदकापाशी नव्हे, तर मानेमागे, फाशाच्या कडीजवळ. तिथे घाम जास्त, आणि सर घालता-काढताना ओढही तिथेच बसते.

म्हणून तपासायचं तेही तिथूनच. फासा उघडून सराचं एक टोक वर धरा आणि सर सरळ खाली लोंबू द्या. मोती आणि गाठ एकमेकांना चिकटून असतील तर दोरा ठीक आहे. मोती आपल्या जागी वरखाली सरकत असेल, मोती आणि गाठ यांच्यामध्ये उघडा दोरा दिसत असेल, तर तो ताणला गेला आहे. फाशाजवळचा दोरा करडा-काळपट पडला असेल किंवा त्याला केसासारखे तंतू सुटले असतील, तर सर घालायचाच नाही. रोज वापरातला सर वर्षातून एकदा गाठवून घ्यावा. महिन्यातून दोन-चार वेळा घालत असाल तर दोन वर्षांनी. फक्त लग्नकार्यात किंवा गौरी-गणपतीला निघणारा सर तीन ते पाच वर्षं चालतो. पण हे आकडे अंदाजाचे आहेत. ज्यांना घाम फार येतो त्यांचा दोरा त्याआधीच काळा पडतो. शंका आली तर वरच्या तपासणीवर विश्वास ठेवावा, वर्षांच्या हिशेबावर नको.

पटवेकऱ्याकडे सर नेला की तो विचारल्याशिवाय प्रत्येक मोत्यामागे गाठ मारेलच असं नाही. कित्येकदा मोती नुसते एकापुढे एक ओवले जातात. तन्मणी, चिंचपेटीसारख्या दागिन्यांतल्या बारीक मोत्यांना ते ठीकच आहे. तिथे मोत्यागणिक गाठ मारली तर मोत्यांपेक्षा गाठीच जास्त दिसतील. पण पाच-सहा मिलिमीटरच्या पुढच्या मोत्यांचा सर असेल तर गाठीचा आग्रह धरावा. दोन कारणांसाठी. एक, दोरा तुटला तरी फार तर एखादा मोती निसटतो, बाकीचे गाठीला अडतात. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. गाठ नसली की मोती एकमेकांवर घासतात आणि भोकाभोवतीचा चकचकीत थर झिजतो. जुने सर उतरवले की भोकाच्या कडेला मळकट, खडबडीत कडं दिसतं ते याचंच. तो थर परत येत नाही.

आता तो 56 मोत्यांचा सर प्रत्यक्ष गाठवताना काय होतं ते पाहू. आधी लांबी मोजायची, मोती मोजायचे आणि फोटो काढायचा. सर चढउताराचा असेल, म्हणजे मध्ये मोठा आणि दोन्हीकडे लहान होत जाणारा, तर क्रम बिघडू नये म्हणून मोती जाड टॉवेलच्या घडीत रांगेने ठेवायचे. गाठीच्या शेजारी दोरा कापून मोती एकेक सोडवायचा. गाठ भोकातून ओढून काढायची नाही, त्याने भोकाची कड टवकते. सुटे मोती ओल्या मऊ कापडाने पुसले, भोकात अडकलेले जुने तंतू सुईने काढले की मोती तयार.

दोऱ्याची जाडी भोक ठरवतं. 0.45 ते 0.6 मिलिमीटरचा रेशमी दोरा अशा मोत्यांना बहुधा बसतो. एक गाठ मारून ती मोत्याकडे सरकवून पाहायची. गाठ भोकात शिरली तर दोरा बारीक पडतोय, जाड घ्यायला हवा. दोरा भोकातून ओढताना अडत असेल तर तो जाड आहे, आणि जोर लावला तर तिथेच उसवेल. बाजारात दोन मीटर रेशीम आणि टोकाला बारीक लवचीक तारेची सुई असं एक कार्ड मिळतं, ते एका सराला पुरतं. कार्डवरून काढलेला दोरा घड्या पडलेला असतो. तो ओढून, खाली हलकं वजन बांधून रात्रभर टांगून ठेवावा. जे ताणायचं ते तिथेच ताणून होतं, नाहीतर पहिल्या महिन्यातच गाठींमध्ये फटी दिसू लागतात.

फाशाच्या कडीजवळ रेशीम थेट धातूला लागू देऊ नये. तिथे सोनेरी किंवा चंदेरी बारीक तारेची पोकळ गुंडाळी दोऱ्यावर चढवतात. ती कडीभोवती कमानीसारखी बसते आणि घासणं आपल्यावर घेते. मग दोरा उलट फिरून पहिल्या तीन मोत्यांतून परत येतो आणि त्या मोत्यांच्या मध्ये मुख्य दोऱ्याशी गाठ घेतो. म्हणजे टोकाच्या मोत्यांतून दोरा दोनदा जातो. त्यासाठी त्यांची भोकं किंचित रुंद करावी लागतात, आणि ते काम पाण्याखाली ओलं ठेवूनच करायचं, कोरडं घासलं तर मोती तापतो.

पुढे खरी कसोटी. मोती जागेवर आणायचा, दोऱ्याचा सैल फास करायचा, त्या फासात सुई किंवा चिमट्याचं टोक घालून फास सरकवत अगदी मोत्याला टेकवायचा आणि टोक बाहेर काढता काढता आवळायचा. फास मोत्यापासून लांब असताना आवळला तर गाठ तिथेच बसते आणि ती रेशमातून सोडवणं फार कठीण. पहिल्या दहा गाठी हात बसेपर्यंत वाईट येतात, म्हणून नवख्याने आधी काचेच्या मण्यांवर सराव करावा. प्रत्येक गाठ सुमारे 0.8 मिलिमीटर जागा घेते. 56 मोती सलग 39 सेंटिमीटर, मधल्या 55 गाठी 4.4 सेंटिमीटर, फासा दीड. नुसता ओवल्यावर गळ्याला चिकटणारा सर गाठवल्यावर 45 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अठरा इंच होतो. पटवेकऱ्याला लांबी सांगताना हे लक्षात ठेवा, नाहीतर दोन-चार मोती उरतात आणि ते कुठे गेले असा संशय मनात राहतो. मोती त्याच्यासमोर मोजून द्यावेत आणि मोजून घ्यावेत, दोघांच्याही मनःशांतीसाठी.

तयार सर बोटावर टाकून पाहा. तो सहज वळून खाली आला पाहिजे. काठीसारखा ताठ राहिला किंवा मध्ये कोन करून वाकला तर गाठी फार आवळल्या आहेत. नवा रेशमी सर थोडा कडक लागतो, पण दोन-चार वेळा घातला की मऊ होतो.

दोऱ्याऐवजी तंगूस वापरला तर पुन्हा गाठवायची कटकट नको, असं सुचवणारे भेटतात. मी तो सल्ला मानणार नाही. तंगूस कडक असतो, त्याची गाठ घट्ट बसत नाही, सराला वळण देऊन जातो आणि जुना झाला की अचानक तुटतो. रेशीम आधी काळं पडून, सैल होऊन सूचना देतं. खऱ्या मोत्यांसाठी रेशीमच घ्यावं.

सर ठेवण्याबाबत पहिली गोष्ट, तो खुंटीला किंवा स्टँडला टांगू नये. टांगलेल्या सरात मोत्यांचं वजन दिवसरात्र दोऱ्यावर राहतं. आडवा, मऊ मलमलच्या पिशवीत, एकटा ठेवावा. मोत्याचा कठीणपणा मोहसच्या मापावर अडीच ते साडेचार, हिऱ्याचा दहा, घरातल्या धुळीतल्या वाळूच्या कणाचाही सात. बांगड्या आणि हिऱ्याच्या कुड्या त्याच डब्यात टाकल्या की ओरखडे आलेच. घातलेला सर उतरवल्यावर किंचित ओल्या सुती कापडाने पुसावा आणि काही तास मोकळा ठेवून दोरा पूर्ण वाळल्यावरच पिशवीत घालावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ओला दोरा बंद केला तर त्याला बुरशी धरते.

झिपची प्लॅस्टिक पिशवी आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्या मोत्यांना नकोत. मोत्यात थोडंसं पाणी असतं आणि हवा फार कोरडी झाली की तडे जाऊ शकतात. लाकडाच्या पेटीबद्दल एक ऐकून ठेवण्यासारखी गोष्ट. संग्रहालयांच्या ओक लाकडाच्या खणांतले शंख-शिंपले पांढरी भुकटी धरू लागतात, असं बायन नावाच्या इंग्रज संग्राहकाने 1899 साली लिहिलं. हा जंतूंचा उद्योग असावा असं त्याला वाटलं होतं. पुढे कळलं की लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफा कॅल्शियम कार्बोनेट खातात. मोतीही त्याच द्रव्याचा. म्हणून नव्या लाकडी किंवा प्लायवूडच्या बंद पेटीत सर वर्षानुवर्षं ठेवू नये. व्हिनेगर, लिंबू, चिंच ही तर मोत्याच्या जवळही येऊ देऊ नयेत, आणि अत्तर-स्प्रे आधी, सर शेवटी.

बँकेच्या लॉकरमधला सर वर्षातून दोनदा तरी बाहेर काढा, लोंबवून पाहा, घाला. गाठी आणि मोती यांच्यामध्ये दोरा दिसला, तर लग्नाला तो तसाच घालून जाऊ नका, आधी पटवेकऱ्याकडे द्या.