आंतरधर्मीय संवादावरील प्रबंधात पूर्वाभ्यासाच्या आढाव्याची मांडणी

डिव्हिनिटीच्या पदवीसाठी आंतरधर्मीय संवादावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती एक आयते वर्गीकरण येते. ॲलन रेस यांनी १९८३ साली अन्य धर्मांविषयीच्या ख्रिस्ती भूमिकांचे वर्जक, समावेशक व बहुत्ववादी असे तीन वर्ग मांडले. क्रेमर पहिल्यात, रानर दुसऱ्यात, हिक तिसऱ्यात, अशी वाटणी केली की आढावा पूर्ण झाला असे वाटते. वस्तुतः येथेच विषय हातून निसटतो.

या वर्गीकरणामागील प्रश्न तारणाचा आहे, संवादाचा नव्हे. भिन्नधर्मीय माणसे परस्परांशी कशी बोलतात आणि त्या बोलण्याने काय पालटते, याचे उत्तर त्यात मिळत नाही. याची परीक्षा सोपी आहे. आढाव्यातील 'संवाद' हा शब्द काढून तेथे 'अन्य धर्म' हे शब्द घालावेत. अर्थात काहीच फरक पडला नाही, तर आढावा दुसऱ्याच विषयाचा झाला असे समजावे.

हिंदू-ख्रिस्ती संवादाचे उदाहरण घेऊ. रायमन पणिक्कर यांचा हिंदुधर्मातील अज्ञात ख्रिस्तावरील ग्रंथ १९६४ साली निघाला. १९८१ च्या आवृत्तीत त्यांनी त्याची बरीच पुनर्रचना केली. पहिली आवृत्ती समावेशक वर्गात बसते. दुसरी तशी सहज बसत नाही. ग्रंथकाराला एकच खण दिला, की हे स्थित्यंतर झाकले जाते. आणि संवादाच्या अभ्यासकाला तर तेच हवे असते.

म्हणून आढाव्याचे तीन भाग करावेत. पहिल्यात संवाद म्हणजे काय, हे ठरवावे. व्हॅटिकनच्या १९९१ च्या निवेदनात जीवनाचा, कृतीचा, ईश्वरशास्त्रीय विचारविनिमयाचा आणि धर्मानुभवाचा असे संवादाचे चार प्रकार सांगितले आहेत. ते घ्यावेत, परंतु हे निवेदन धर्मसंस्थेचे साधन आहे, तटस्थ संशोधन नव्हे, हे स्पष्ट नोंदवावे. दुसऱ्या भागात रेसप्रणीत भूमिका थोडक्यात याव्यात. त्याही कोणती भूमिका कोणत्या प्रकारच्या संवादाला वाव देते, एवढ्यापुरत्याच.

तिसरा भाग दुसऱ्या पक्षाचा. तोच बहुधा गाळला जातो. सीताराम गोयल यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात, संवाद हे धर्मप्रसाराचेच नवे साधन आहे, असा आक्षेप घेतला. तो मान्य असो वा नसो, त्याला आढाव्यात स्थान हवे. कारण १९९१ चे निवेदन संवाद आणि सुवार्तेची घोषणा यांचा एकत्रच विचार करते.

या दोहोंना समोरासमोर ठेवले म्हणजे प्रबंधाचा प्रश्न उभा राहतो : प्रसाराचा हेतू ज्ञात असताना विचारविनिमयाचा संवाद कोणत्या अटींवर शक्य होतो, आणि जीवनाच्या संवादाला त्याच अटी लागू पडतात काय? आढाव्याचा शेवट या प्रश्नाने व्हावा. ग्रंथांच्या यादीने नव्हे.